ग्रॅच्युइटी: नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचे देणे



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने व्यवसायातल्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो बाजूला ठेवून एकाच विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे कामगारांची ग्रॅच्युइटी. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून जाणाऱ्या लहान कारखान्यांच्या ताळेबंदांत हे देणे दिसत नाही, आणि ते दिसत नाही तोवर त्या ताळेबंदातला नफा खरा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमधला टर्नर घ्या. त्याची नोकरी २२ वर्षे ७ महिने झाली आणि तो निवृत्त झाला. अखेरच्या महिन्याचा त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये. घरभाडे भत्ता, बोनस, ओव्हरटाइम यांतले काहीही यात धरायचे नाही. ३१,२०० ला २६ ने भागले की एका दिवसाचा पगार येतो १,२०० रुपये. पंधरा दिवसांचे झाले १८,०००. सेवेचे शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरले असेल तर ते पूर्ण धरायचे, म्हणून २२ वर्षे ७ महिन्यांची झाली २३ वर्षे. १८,००० गुणिले २३, म्हणजे ४,१४,००० रुपये. ही रक्कम तीस दिवसांच्या आत हातात पडली पाहिजे. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते.

यात दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक भागाकारात. महिन्याचे दिवस तीस, म्हणून तीसने भागले जाते. आपल्या टर्नरच्या बाबतीत तीसने भागले तर ३,५८,८०० रुपये येतात, म्हणजे त्याचे ५५,२०० रुपये बुडाले. हा वाद फार जुना आहे. दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले की साप्ताहिक सुट्ट्या वगळून कामाचे दिवस २६ असतात, म्हणून महिन्याचा पगार हा २६ दिवसांचा पगार मानायचा. पुढे १९८७ साली १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातच तसा खुलासा घातला गेला. तरीही आजही कोणी तीसने भागून धनादेश काढतो आणि कामगार सही करून घरी जातो.

दुसरी चूक पाच वर्षांच्या अटीबाबत. सलग पाच वर्षे नोकरी झाल्याशिवाय हक्क येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण कामगाराचा मृत्यू झाला किंवा अपघाताने, आजाराने त्याला अपंगत्व आले तर ही अट लागू होत नाही. दोन वर्षे नोकरी झालेला कामगार दगावला, तर त्याच्या वारसांचा दोन वर्षांच्या ग्रॅच्युइटीवर पूर्ण हक्क असतो. ही एकच गोष्ट लक्षात घेतली तरी कळेल, की पाच वर्षे न झालेल्यांचे देणे शून्य धरणे चूक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा खर्च आपण कधी मांडायचा? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: माणूस जाईल तेव्हा. नफा-तोटा पत्रकाच्या टिपांत एक वाक्य असते, ‘ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष देताना खर्ची टाकली जाते’. हे वाक्य दिसले की समजावे, या कारखान्याने आपले देणे मोजलेलेच नाही. त्या टर्नरने साडेबावीस वर्षांहून जास्त काळ दर महिन्याला माल काढला, तो विकून त्या-त्या वर्षी नफा झाला. त्या नफ्यासाठी जो श्रम लागला त्याचा एक भाग द्यायचा बाकी राहिला होता. वीजबिल मार्चमध्ये आले नाही तरी आपण त्याची तरतूद करतो. मग मार्चपर्यंत केलेल्या कामाच्या या मोबदल्याची तरतूद न करण्याला काय आधार आहे?

यावर काही उद्योजक सांगतात, आम्ही पगाराच्या ४.८१ टक्के बाजूला ठेवतो. हा आकडा कुठून आला ते आपण जाणता. पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. नेमणूकपत्रातल्या वार्षिक पॅकेजमध्येही तोच टाकतात. तो बिनचूक आहे, पण अपुरा आहे, आणि का अपुरा आहे हे समजले की ग्रॅच्युइटीचा सगळा स्वभाव समजतो.

एक उदाहरण सावकाश करू. एका कामगाराची वीस वर्षे पूर्ण झाली आणि त्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता २६,००० आहे. दिवसाचे हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार, वीस वर्षांचे तीन लाख. आज त्याचे देणे तीन लाख आहे. नवीन वर्षाच्या सुरुवातीला त्याला दहा टक्के वाढ मिळाली, पगार झाला २८,६००. वर्षभर ४.८१ टक्क्यांप्रमाणे मालकाने १६,५०० रुपये बाजूला ठेवले. हेच त्या वर्षाचे पंधरा दिवस. पण वर्षअखेर देणे किती झाले? १६,५०० गुणिले २१, म्हणजे ३,४६,५००. देणे वाढले ४६,५०० ने आणि बाजूला पडले १६,५००. उरलेले ३०,००० कुठून आले? मागच्या वीस वर्षांतल्या प्रत्येक वर्षाची किंमत पंधराशे रुपयांनी वाढली, तिथून.

मित्रहो, ग्रॅच्युइटीत मागची वर्षे मागच्या पगाराने मोजली जात नाहीत. पहिल्या वर्षाचे काम कामगाराने तीन हजारांच्या पगारावर केले असेल, पण त्याचे पैसे अखेरच्या पगाराच्या दराने द्यायचे असतात. म्हणून प्रत्येक पगारवाढीबरोबर सगळी जुनी सेवा महाग होते. युनियनशी करार करताना वाढीचा मासिक बोजा मालक अगदी पैशापर्यंत काढतो. त्याच सहीने जुन्या सेवेवर किती देणे चढले, हा आकडा करारापूर्वी काढून देणे हे आपले, हिशेबनीसांचे काम आहे.

गेल्या काही काळात याला आणखी एक वळण मिळाले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. ढोबळमानाने सांगायचे तर, वगळले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. समजा, एका सुपरवायझरचा एकूण पगार ५२,००० आहे, मूळ पगार १५,६०० आणि बाकी ३६,४०० भत्ते. निम्मे होतात २६,०००. भत्ते त्याहून १०,४०० ने जास्त, ते मिळवले की वेतन झाले २६,०००. पूर्वी त्याच्या एका वर्षाचे ९,००० होत, आता १५,००० होतात. वीस वर्षांच्या सेवेवर एक लाख ऐंशी हजारांचे तीन लाख झाले, आणि त्याच्या हातात येणाऱ्या पगारात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही. मूळ पगार कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जी पद्धत वर्षानुवर्षे चालली, तिची वाट आता बंद झाली आहे. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. अशा कामगारांची नावेही या हिशेबात यायला हवीत.

हे देणे मोजायचे कसे? मोठ्या कंपन्या ॲक्च्युअरीकडून मूल्यांकन करून घेतात. किती जण मध्येच सोडून जातील, पगार किती वाढतील, हे गृहीत धरून भविष्यातली रक्कम काढायची आणि सरकारी रोख्यांच्या व्याजदराने ती आजच्या किमतीला आणायची, अशी ती रीत आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान कंपन्यांना लेखा मानकाने सोपी वाट दिली आहे. वर्षअखेरीस सर्वांना ग्रॅच्युइटी द्यायची आहे असे मानून हिशेब केला तरी चालतो. एका कागदावर नाव, रुजू तारीख, पगार आणि सेवेची वर्षे लिहिली, की एका दुपारचे काम आहे.

मोजून झाले तरी प्रश्न उरतो पैशांचा. ताळेबंदातली तरतूद म्हणजे तिजोरीतले पैसे नव्हेत. तरतूद केलेली रक्कम मालाच्या साठ्यात किंवा नव्या मशीनमध्ये गुंतलेली असू शकते. प्राप्तिकरातही नुसती तरतूद वजावटीला चालत नाही. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत भरलेली रक्कम चालते. आयुर्विमा महामंडळासारख्या विमा कंपन्यांच्या समूह ग्रॅच्युइटी योजनांतून असा निधी लहान उद्योगालाही उभारता येतो.

निधी नसला की काय होते, हे मुंबईने जेट एअरवेजच्या निमित्ताने पाहिले. एप्रिल २०१९ मध्ये विमाने थांबली. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्या, असा अपिलीय न्यायाधिकरणाचा निकाल यायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण पुनरुज्जीवनाची योजनाच अमलात आली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. दिवाळखोरी संहितेने ग्रॅच्युइटी निधीतले पैसे धनकोंच्या वाटपातून बाहेर ठेवले आहेत. निधीच नसेल तर मात्र कामगाराच्या वाट्याला कोर्टाच्या पायऱ्या येतात. वेगळ्या निधीत असलेला पैसा हीच कामगाराची खरी हमी आहे.

उद्योजक मित्रांची अडचण मला समजते. वीस-पंचवीस वर्षांचे देणे एका वर्षात भरणे कोणाला झेपणार नाही. पण ते एका वर्षात भरा असे मी म्हणतही नाही. आकडा आज मांडा, निधी आज उघडा आणि जुनी तूट पाच-सात वर्षांत भरून काढा. वरिष्ठ कामगार एकाच वर्षी निवृत्त होणार असतील, आणि जुन्या कारखान्यांत हे हमखास होते, तर ते वर्ष आधी ओळखून त्याप्रमाणे हप्ते ठरवा.

हिशेबनीस बंधू-भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. येत्या मार्चअखेर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक कारखान्याची कामगार-यादी मागवा, पाच वर्षे न झालेल्यांसह सर्वांचा हिशेब करा आणि तो आकडा ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला लिहा. मालकाने नको म्हटले, तर तसा शेरा आपल्या अहवालात लिहून खाली सही करा. या परिषदेने आज तसा ठराव करावा, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेतो.