पासवर्ड बरोबर, तरी ‘ऑथेंटिकेशन फेल’?

आजचा विषय: राउटर सारखा डायल करतोय, नेट येत नाही आणि लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फेल्युअर. आपण लगेच पासवर्ड पुन्हा टाईप करायला घेतो. थांबा, आधी लॉग वाचा.

पीपीपीओई जोडणीचे दोन टप्पे असतात. आधी राउटर ओरडून विचारतो, ‘कोणी सर्व्हर आहे का?’ उत्तर आलं की मग युजरनेम-पासवर्डची तपासणी. म्हणून या दोन ओळींचा अर्थ अगदी वेगळा:

```
Timeout waiting for PADO packets
CHAP authentication failed
```

पहिली ओळ दिसली तर सर्व्हरचं उत्तरच आलेलं नाही. पासवर्डपर्यंत गाडी पोचलीच नाही. फायबरच्या डब्यावर लाल LOS दिवा आहे का बघा, म्हणजे प्रकाशच येत नाहीये. डीएसएल असेल तर सिंकचा दिवा स्थिर हवा. दिवे ठीक असतील तर केबल किंवा व्हीलॅन तपासा.

दुसरी ओळ दिसली तर लाईन ठीक आहे, सर्व्हर भेटला, पण त्याने नाकारलं. पासवर्ड चुकीचा असू शकतो. पण कालपर्यंत तोच चालत होता ना? मग संशय सेशनवर घ्या. बऱ्याच कंपन्या एका युजरनेमवर एकच सेशन देतात. वीज अचानक गेली की राउटर ‘मी निघालो’ असं सांगू शकत नाही, आणि सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. काही सर्व्हर स्पष्ट सांगतातही: `You are already logged in - access denied`. अशा वेळी राउटर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा. सर्व्हर अधूनमधून ‘आहेस का?’ विचारतो, उत्तर आलं नाही की सहसा सेशन काढून टाकतो. तरीही अडकलं तर कस्टमर केअरला ‘जुनं सेशन क्लिअर करा’ असं नेमकं सांगा. राउटर नवा घेतला असेल तर मॅक बाइंडिंगही विचारा.

पुण्यातल्या एका मित्राकडे मात्र पंधरा मिनिटांनीही तेच. आदल्या दिवशी टेक्निशियनने फायबरचा डबा बदलला होता. आम्ही राउटर बंद केला, आणि डब्याच्या स्वतःच्या वायफायवर नेट चालू! म्हणजे डब्यातही तेच युजरनेम टाकलेलं होतं. तोच आधी लॉगिन करून बसायचा, आणि मागून येणाऱ्या राउटरला दार बंद. डब्याच्या सेटिंगमधली पीपीपीओई जोडणी काढली, ब्रिज मोड ठेवला, सगळं पाच मिनिटं बंद करून चालू केलं. राउटर पहिल्याच डायलला जोडला गेला.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी दिवा, मग सर्व्हरचं उत्तर, मग सेशन, आणि पासवर्ड सगळ्यात शेवटी. आणि हो, फॅक्टरी रिसेट करू नका. त्याने सेशन सुटत नाही, उलट युजरनेम-पासवर्ड मात्र पुसला जातो. भेटू पुढच्या भागात!