पडद्यावरच्या दोन ओळी



चित्रपट चालू असताना पडद्याच्या तळाशी ज्या दोन ओळी उमटतात आणि नाहीशा होतात, त्यांना आपण सबटायटल म्हणतो. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांना या ओळींचा आधार असतो. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना तर या ओळी म्हणजेच सारे संभाषण. आज आम्ही बोलणार आहोत ते या ओळींच्या भाषांतराविषयी नव्हे, तर त्यानंतरच्या एका कामाविषयी. बोलणे उतरवून झाले आहे, ते सलग परिच्छेदात टंकून आपल्या हाती आले आहे, अशी कल्पना करू. आता त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला येण्याजाण्याची वेळ नेमून द्यायची. हे काम कारकुनी दिसते खरे. परंतु ते चुकले तर अचूक मजकूरही प्रेक्षकाला खोटे सांगू लागतो.

या व्यवसायात काही मर्यादा रूढ आहेत. एका वेळी पडद्यावर फार तर दोन ओळी असाव्यात. एका ओळीत 42 पेक्षा जास्त चिन्हे नसावीत. तुकडा निदान 5/6 सेकंद टिकावा आणि 7 सेकंदांहून जास्त रेंगाळू नये. वाचणाऱ्यावर सेकंदाला 17 ते 20 चिन्हांहून अधिक भार पडू नये. हे आकडे मुख्यतः इंग्रजीच्या वापरातून आले आहेत. मराठीला ते कितपत लागू पडतात, ते पुढे पाहू.

आता एक उदाहरण घेऊ. माहितीपटात एक वृद्ध शेतकरी विहिरीच्या काठावर बसून बोलत आहे. परिच्छेद असा: ‘आमच्या गावाला पाणी नव्हतं म्हणून माझ्या आजोबांनी ही विहीर खणली. चाळीस हात खोल गेल्यावर खडक लागला. तरी ते थांबले नाहीत.’ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ही 118 चिन्हे भरतात. बोलणे 1 मिनिट 10 सेकंदांना सुरू होते आणि 12.4 सेकंदांनी संपते.

घाईचा मार्ग म्हणजे 118 चिन्हांना 12.4 सेकंद सारखे वाटून देणे. संगणकाला सांगितले तर तो हे क्षणात करतो. पण परिणाम पाहा. शेतकऱ्याने पहिले वाक्य 4.2 सेकंदांत संपवले आणि थोडे थांबून 15व्या सेकंदाला दुसरे सुरू केले. सारख्या वाटणीत मात्र दुसरे वाक्य 16.7व्या सेकंदाला, म्हणजे पावणेदोन सेकंद उशिरा उमटते. ‘खडक लागला’ म्हणून तो 17.6ला थांबतो. पुढे साडेतीन सेकंद काहीच न बोलता तो विहिरीत पाहत राहतो, आणि मग 21.2ला म्हणतो, ‘तरी ते थांबले नाहीत.’ वाटणीच्या हिशेबात हे शेवटचे वाक्य 20.3लाच पडद्यावर येऊन बसते. म्हाताऱ्याने अजून तोंड उघडलेले नाही, आणि त्याचे उत्तर आपण आधीच फोडले! ऐकणाऱ्याला त्या स्तब्धतेतून जे मिळाले, ते न ऐकणाऱ्याकडून आपण हिरावून घेतले.

म्हणून पहिला तुकडा पाडायचा तो स्तब्धतेवर. ध्वनी ऐकत प्रत्येक वाक्याचा पहिला आणि शेवटचा उच्चार कोठे पडतो, ते टिपून घ्यावे. या खुणा हलवायच्या नाहीत. चिन्हांच्या प्रमाणात वेळ वाटायचीच असेल, तर ती एका दमात उच्चारलेल्या बोलण्याच्या आत वाटावी. स्तब्धता ओलांडून कधीही वाटू नये.

दुसरा विचार अर्थाचा. पहिले वाक्य 63 चिन्हांचे आहे, तेव्हा त्याच्या दोन ओळी कराव्या लागतील. मोजून 42व्या चिन्हावर सुरी चालवली तर पहिल्या ओळीच्या शेवटी ‘माझ्या आज’ उरते, आणि दुसरी ओळ सुटलेल्या ओकाराने सुरू होते. त्या पोरक्या मात्रेखाली संगणक ठिपक्यांचे वर्तुळ काढून ठेवतो. अशी वर्तुळे दिसली की शब्द मध्येच तोडला गेला आहे, हे ओळखावे. शब्द न तोडता ओळ जास्तीत जास्त भरली, तर ‘माझ्या’ वर राहतो आणि ‘आजोबांनी’ खाली जातो. हेही बरे नव्हे, कारण विशेषणाला त्याच्या नामापासून दूर केले की डोळा अडखळतो. ‘नव्हतं’ या शब्दापाशी वाक्याचा एक अवयव पुरा होतो. तेथे मोडले की वर 25 आणि खाली 37 चिन्हे येतात. वरची ओळ अर्धी रिकामी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

लांबीचा विचार शेवटी. बोलणे संपल्यावर वाचायला किंचित वेळ मिळावा म्हणून तुकडा सुमारे अर्धा सेकंद पुढे रेटतात. दोन तुकड्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी उरत असेल, तर पहिला तुकडा आणखी लांबवून फक्त दोन चौकटींची फट ठेवतात. सेकंदाला 25 चौकटी असतील तर ती फट 80 सहस्रांश सेकंदांची होते. मजकूर बदलला, हे डोळ्याला तेवढ्याने कळते. हे सर्व करून आपला परिच्छेद `.srt` फाइलीत असा बसतो:

```
1
00:01:10,000 --> 00:01:14,920
आमच्या गावाला पाणी नव्हतं
म्हणून माझ्या आजोबांनी ही विहीर खणली.

2
00:01:15,000 --> 00:01:18,100
चाळीस हात खोल गेल्यावर खडक लागला.

3
00:01:21,200 --> 00:01:22,900
तरी ते थांबले नाहीत.
```

दुसरा तुकडा गेल्यावर तीन सेकंद पडदा रिकामा राहतो. तो तसाच राहू द्यावा. या रचनेत वेळेचे आकडे इंग्रजी लिपीतलेच हवेत. सहस्रांशांच्या आधी स्वल्पविराम हवा, आणि रिकामी ओळ फक्त दोन तुकड्यांच्या मध्ये हवी. तुकड्याच्या पोटात रिकामी ओळ राहिली, तर पुष्कळदा तिच्याखालचा मजकूर दिसतच नाही.

आता समजा, शेतकरी भरभर बोलला आणि ते 63 चिन्हांचे वाक्य त्याने अडीच सेकंदांत म्हणून लगेच पुढचे सुरू केले. मग सेकंदाला 25 चिन्हे पडतात, आणि येथे कोणतीही मोडणी कामाला येत नाही. ‘आमच्या’ आणि ‘माझ्या’ हे शब्द गाळले तर 49 चिन्हे राहतात आणि गती 20च्या आत येते. अर्थ मात्र जागेवरच राहतो. काय गाळायचे, हे ठरवायला माणूसच लागतो.

मराठीपुरती एक गोष्ट सांगायची राहिली. संगणक मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही सर्व वेगवेगळी चिन्हे धरतो. ‘म्हणून’ या शब्दात त्याला 6 चिन्हे दिसतात. आपल्या डोळ्याला तीनच अक्षरे दिसतात. शिवाय आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांहून रुंद असतात. तेव्हा 42 हा आकडा आपल्याला धोक्याची खूण म्हणून वापरता येतो; ओळ मावते की नाही, याचा निकाल पडद्यावर पाहूनच द्यावा लागतो.

आणि शेवटची परीक्षा अगदी साधी आहे. काम संपले की आवाज पूर्ण बंद करावा आणि चित्र पाहत ओळी वाचाव्यात. ओठ हलण्यापूर्वी शब्द आले, ओठ मिटल्यावर नवे वाक्य उगवले, किंवा एखादी ओळ पुन्हा मागे जाऊन वाचावीशी वाटली, की तेथे खूण करावी. आवाज चालू असताना आपले कान या चुका झाकून टाकतात. ज्याच्यासाठी या ओळी लिहिल्या, त्याच्याजवळ ती सोय नाही.