खात्यात दिसलेले पैसे आणि वटलेला चेक

दोस्तांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढच्या वर्षी शिकायला अमेरिकेत जाणार आहात. म्हणून माझ्या रूममेटचा किस्सा सांगतो. आम्ही दोघे तिथे एमएस करत होतो.

त्याला ईमेल आला : 'मिस्टरी शॉपर हवेत.' म्हणजे साधा ग्राहक बनून दुकानात जायचं आणि सेवा कशी आहे ते कळवायचं. असं काम खरंच असतं, म्हणून त्याला शंका आली नाही. पाठोपाठ पोस्टाने २,४५० डॉलरचा कॅशिअर्स चेक आला. हा आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा, बँकेनेच काढलेला असतो. सूचना अशी : ४५० डॉलर तुझा मेहनताना. उरलेल्या २,००० ची, प्रत्येकी ५०० ची चार गिफ्ट कार्डं घे, मागचा नंबर खरवडून फोटो पाठव. आणि हो, आजच.

सोमवारी त्याने चेक भरला, मंगळवारी खात्यात पैसे दिसले. आपल्याला सवय अशी की चेक वटल्यावरच पैसे जमा होतात. तोही तसंच समजला. कार्डं घेतली, फोटो पाठवले.

नेमकी चूक इथे झाली. अमेरिकेत बँका चेकचे पैसे फार दिवस अडकवून ठेवत. म्हणून १९८७ मध्ये कायदा झाला, की ठराविक मुदतीत पैसे ग्राहकाला वापरायला द्यायचे. कॅशिअर्स चेकला तर बहुधा दुसऱ्याच दिवशी. पण तोवर चेक खरा की खोटा हे ठरलेलं नसतं. ते कळायला कधी कधी काही आठवडे लागतात. 'घाई कर' म्हणतात ते याच फटीसाठी.

नवव्या दिवशी चेक परत आला. बँकेने पूर्ण २,४५० वळते केले. त्याचे स्वतःचे १,३०० होते, तेही गेले आणि खातं ७०० डॉलरने उणे झालं. घरभाडं तोंडावर होतं. कार्डांतली रक्कम तर फोटो पोचताच काढून घेतली होती.

काउंटरवर 'पैसे आले का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल. 'चेक देणाऱ्या बँकेने पैसे दिले का?' असं विचारा. चेकवर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, त्या बँकेचा नंबर स्वतः शोधा. खरी कंपनी कामानंतर पैसे देते. आधी चेक पाठवून त्यातले परत मागत नाही.

नंबर पाठवून बसला असाल, तर कार्ड आणि पावती जपून ठेवा, कार्ड कंपनीला त्याच मिनिटाला फोन करा. रक्कम शिल्लक असेल तर ती गोठवता येते. मग आपल्या बँकेला सांगा आणि ReportFraud.ftc.gov वर तक्रार नोंदवा.

माझा रूममेट दोन दिवस गप्प बसला. विद्यार्थी व्हिसावर बाहेरचं काम परवानगीशिवाय चालत नाही, ही त्याची भीती. कार्ड कंपनीला फोन केला तेव्हा चारही कार्डं रिकामी होती.