पीसवरचं काम आणि दिवसाची हमी
(हेंद्रेपाड्यातल्या युवकांच्या बैठकीतलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वकील नाही. आजचा विषय माझ्याकडे एका डायरीतून आला. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आपा राहतात. रोज सकाळी बदलापूरहून लोकल पकडून उल्हासनगरला जातात आणि तिथे जीन्स शिवणाऱ्या एका युनिटमध्ये बेल्ट लावण्याच्या मशीनवर बसतात. बेल्ट म्हणजे पँटच्या कमरेची पट्टी. काम पीसवर. एके रविवारी त्यांनी मला डायरी दाखवली आणि म्हणाल्या, "बेटा, तू कॉम्प्युटरवाला आहेस. जरा बघ, माझा हिशेब बरोबर दिलाय का."

त्यांचे खरे आकडे मी इथे सांगणार नाही. समजायला सोपे असे आकडे धरू. एका बेल्टचे ४ रुपये. आठ तासांच्या दिवसाचं किमान वेतन ५२० रुपये. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय. खरा दर सरकारच्या अधिसूचनेत असतो. तो उद्योग, कौशल्य आणि विभाग यांप्रमाणे बदलतो, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, नव्याने जाहीर होतो.

आता आठवडा बघा. सोमवारी १५० पीस, म्हणजे ६०० रुपये. मंगळवारी १६०, म्हणजे ६४०. बुधवारी कटिंगचा माल दुपारपर्यंत आलाच नाही, म्हणून ७० पीस, २८० रुपये. गुरुवारी १६५, म्हणजे ६६०. शुक्रवारी लाइट गेली, १०० पीस, ४०० रुपये. शनिवारी १५५, म्हणजे ६२०. एकूण ३,२०० रुपये.

सेठ म्हणतो, "सहा दिवसांचे किमान ५२० प्रमाणे ३,१२० होतात. मी ३,२०० दिले. किमान वेतनापेक्षा जास्तच आहेत. मग तक्रार कसली?"

ऐकायला बरोबर वाटतं. मलाही पहिल्यांदा बरोबरच वाटलं. मग मी एक्सेलमध्ये दोन सूत्रं लिहिली. डी या रकान्यात रोजची पीसची कमाई आहे. सेठचा हिशेब असा:

```
=MAX(SUM(D2:D7), 6*520)
```

आणि आपांचा हिशेब असा, प्रत्येक दिवसाच्या ओळीत वेगळा, आणि बेरीज शेवटी:

```
=MAX(D2, 520)
```

पहिल्या सूत्रात आधी बेरीज होते आणि मग किमान तपासलं जातं. दुसऱ्यात आधी रोजचं किमान तपासलं जातं आणि मग बेरीज. दुसऱ्या पद्धतीने बुधवारचे २८० चे ५२० होतात, शुक्रवारचे ४०० चे ५२० होतात, बाकीचे दिवस तसेच राहतात. बेरीज येते ३,५६०. फरक ३६० रुपयांचा, एका आठवड्याचा.

हे ३६० रुपये गेले कुठे? सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवारी आपांनी हात चालवून जे जास्तीचे पैसे मिळवले, त्यातूनच बुधवार आणि शुक्रवारचा खड्डा भरला गेला. म्हणजे कटिंग उशिरा आलं, त्याची भरपाई आपांनी स्वतःच्या मेहनतीतून केली. पीसवरच्या कामातला खरा प्रश्न हाच आहे. काम कमी झालं, तर नुकसान कोणाचं? कापड कधी कापायचं, ऑर्डर किती घ्यायची, जनरेटर ठेवायचा की नाही, हे सगळं सेठच्या हातात. आपांच्या हातात फक्त मशीन. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्याकडेच त्याचा धोका असावा. दिवसाच्या हमीचा अर्थ एवढाच.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ही कल्पना पहिल्यापासून आहे. पीसवर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने ठरावीक रक्कम मिळालीच पाहिजे, असा दर सरकार ठरवू शकतं, हे त्याच्या कलम ३ मध्येच होतं. आणि कलम १७ म्हणायचं की सरकारने एखाद्या कामाचा पीसचा दर ठरवला नसेल, फक्त वेळेचा ठरवला असेल, तर पीसवरच्या कामगाराला त्या वेळेच्या दरापेक्षा कमी देता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली. हाच नियम आता तिच्या कलम १२ मध्ये आहे.

पण आपल्या उदाहरणाला जास्त उपयोगी पडतं ते त्याच्या थोडं आधीचं कलम १०. कामगार कामावर हजर आहे, पण दिवसाचे पूर्ण तास काम झालं नाही, तर त्याला पूर्ण दिवसाचं वेतन मिळतं. मुख्य अपवाद एक: त्याने स्वतःच काम करायला नकार दिला असेल तर. मालकाने काम पुरवलं नाही म्हणून हात रिकामे राहिले, तर तो अपवाद लागू होत नाही. बुधवारी आपा मशीनवर बसल्या होत्या, कटिंग आलं नव्हतं. त्यामुळे बुधवारचा हिशेब बुधवारचाच करायला हवा, तो शनिवारात मिसळायचं कारण नाही.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगतो. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर बहुतेक महिन्याचे जाहीर होतात, आणि दिवसाचा दर काढायला त्याला २६ ने भागतात. त्यामुळे सेठचा वकील म्हणू शकतो की दर महिन्याचा आहे, तर महिन्याची बेरीज बघा. फक्त कलम १२ वर बसलात तर वाद लांबेल. म्हणून रिकाम्या तासांची नोंद महत्त्वाची. कमी पीस का झाले, हे दाखवता आलं तर कलम १० चा आधार मिळतो.

एक निकालही लक्षात ठेवा. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला चालला. दुष्काळी कामावर मजुरांच्या टोळ्या केल्या होत्या. टोळीने किती काम केलं ते मोजून पैसे वाटायचे. किमान वेतन तेव्हा दिवसाला ७ रुपये होतं, आणि अनेकांना त्याहून कमी मिळत होते. न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की मोबदला कामाच्या प्रमाणात वाढवा, पण किमान वेतनाच्या खाली नेऊ नका. त्याखाली पैसे देऊन काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ प्रमाणे वेठबिगारी आहे.

सेठ लोकांचा एक आक्षेप असतो, आणि तो फालतू नाही. "घरबसल्या ५२० मिळणार असतील तर हात कोण चालवेल?" आपांचीच डायरी बघा. कटिंग वेळेवर आलं आणि लाइट राहिली, तेव्हा त्या ६०० वर किंवा त्याच्याही वर गेल्या. पीसचा दर व्यवस्थित बांधलेला असेल, तर साधारण कारागीर आठ तासांत हमीच्या वर जातोच. मग हमी फक्त वाईट दिवशी लागते. पण एखाद्या युनिटमध्ये निम्मे कारागीर रोजच हमीवर येत असतील, तर कारागीर आळशी नाहीत, पीसचा दर कमी आहे.

आणि हा कमी दर एका ठिकाणी लपतो, तासांमध्ये. समजा १५० पीस करायला आपांना आठ नाही, अकरा तास लागले. कागदावर ६०० रुपये, म्हणजे ५२० च्या वर. पण ५२० आठ तासांचे आहेत, म्हणजे तासाला ६५. अकरा तासांचे साध्या दरानेच ७१५ होतात. वरचे तीन तास ओव्हरटाइम, त्यांचा दर दुप्पट, म्हणजे ३९०, एकूण ९१०. मग ६०० किमानाच्या वर कसे? म्हणून फक्त पीस लिहून भागत नाही.

आपांच्या डायरीत तारीख आणि पीस होते, बाकी काही नव्हतं. आम्ही तिथे पाच रकाने आखले: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पीस, पीसचा दर, आणि मशीन किती वेळ रिकामं राहिलं व का. शेवटचा रकाना त्याच दिवशी, त्याच वेळी भरायचा. "दुपारी १ वाजेपर्यंत कटिंग नाही", एवढं पुरे. शक्य असेल तर शेजारच्या मशीनवालीनेही तसंच लिहायचं. दोन डायऱ्यांत एकच वेळ आली की ती नाकारणं अवघड जातं.

आणि खरं तेच लिहायचं. शुक्रवारी जुम्म्याला तासभर बाहेर गेलात, तर तो तास आपला आहे, लाइटच्या नावावर टाकायचा नाही. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या शंभर खऱ्या ओळींवरचा भरवसा जातो.

वेतन दिलं की नाही, याचा वाद झाला तर दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी नव्या संहितेत मालकावर आहे. वेतनचिठ्ठी देणंही त्याचंच काम. दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. दावा कामगार स्वतः करू शकतो किंवा त्याची युनियन. त्यासाठी आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारायचं. दावा खरा ठरला, तर थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देता येते.

आता ही हमी कुठे तोकडी पडते ते. आपल्या पाड्यात किती घरांत अम्मी आणि खाला धागा कटिंग करतात, बटण लावतात? त्यांचे तास कोणी मोजत नाही. सकाळी अर्धा तास, भाकऱ्या झाल्यावर एक तास, रात्री दोन तास. दिवसाची हमी द्यायला दिवस मोजता यायला हवा. माल देणारा ठेकेदारही म्हणतो, मी मालक नाही, मधला माणूस आहे. त्यांच्यासाठी दिवसाच्या हमीपेक्षा पीसचा दरच नीट बांधून घ्यावा लागतो: एका तासात साधारण बाई किती पीस साफ करते ते घड्याळ लावून मोजा, तासाच्या किमान दराला त्या संख्येने भागा. तासाला ६५ रुपये आणि २० पीस होत असतील, तर पीसला सव्वातीन रुपये. ठेकेदार आज किती देतो, ते घरी जाऊन विचारा.

आपांचं काय झालं? त्या एकट्या सेठकडे गेल्या नाहीत. नोकरी जाण्याची भीती खरी होती, आणि मी त्यांना "घाबरू नका" असं म्हटलं नाही, कारण घर त्या चालवतात. बेल्ट आणि चेनच्या मशीनवरच्या पाच जणी एकत्र गेल्या, तीन आठवड्यांच्या डायऱ्या घेऊन. सेठने मागचे पैसे दिले नाहीत. पण कटिंग उशिरा आलं तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे, एवढं कबूल केलं. लाइटचं अजून कबूल केलेलं नाही.

त्या पाचही जणींनी शुक्रवारचा रकाना भरणं सोडलेलं नाही.