नाशिक, इगतपुरी, त्र्यंबक : अक्षरे जोडून वाचताना

मराठीतले ‘क’ हे अक्षर लिहिले, की त्यात दोन गोष्टी येतात: ‘क्’ हे व्यंजन आणि त्यात मिसळलेला ‘अ’. हा ‘अ’ दाखवायला वेगळी खूण नसते, तो गृहीत असतो. काना दिला की ‘अ’ जाऊन ‘आ’ येतो, वेलांटी दिली की ‘इ’ किंवा ‘ई’ येते, आणि पाय मोडला की स्वरच उरत नाही. व्यंजन मुख्य आणि स्वर त्याला चिकटलेली खूण, अशा रचनेच्या लिप्यांना भाषाशास्त्रात ‘अबुगिडा’ म्हणतात. अमेरिकन अभ्यासक पीटर डॅनियल्स यांनी 1990 मध्ये हे नाव रूढ केले. ते इथिओपियातल्या लिपीच्या अक्षरक्रमावरून घेतले आहे. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन शेजारी शेजारी, बरोबरीने उभे राहतात. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. देवनागरी या दोहोंहून वेगळी आहे.

या रचनेचा जुना पुरावा नाशिककरांच्या अगदी जवळ आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आणि दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. त्यांतही गृहीत ‘अ’ आहे आणि इतर स्वरांच्या खुणा व्यंजनाला चिकटलेल्या आहेत. ‘आ’ची खूण अक्षराच्या माथ्यावरून उजवीकडे निघणारी छोटी आडवी रेघ आहे, ‘इ’ची खूण माथ्यावर आहे, आणि ‘उ’ची खूण पायाशी. पुढे शतकानुशतके अक्षरांची वळणे बदलत गेली आणि देवनागरीत ऱ्हस्व ‘इ’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे येऊन उभी राहिली. आज पहिलीतल्या मुलाला या बदलाशी झगडावे लागते.

‘नाशिक’ हाच शब्द घेतला तर ते दिसते. मुलाला ‘न’, ‘श’, ‘क’ ही अक्षरे आणि काना ओळखता येतो, असे धरू. ‘ना’ वाचताना त्याने आधी अक्षर पाहिले आणि मग उजवीकडची खूण पाहिली. यावरून त्याने नियम बांधला, की खूण अक्षरानंतर येते. पुढच्या अक्षरात मात्र वेलांटी ‘श’च्या आधी येते आणि तिचा उच्चार ‘श’नंतर करायचा असतो. डावीकडून उजवीकडे सरळ जाणारे मूल इथे थबकते. कधी ते वेलांटी सोडून ‘नाशक’ वाचते, कधी ती पुढच्या अक्षराला लावून ‘नाशकि’ म्हणते. उकार अक्षराखाली असतो आणि मात्रा अक्षरावर, म्हणजे स्वराची जागा चारही बाजूंना असू शकते. अक्षर हा एक डबा आहे आणि त्यावरच्या, खालच्या, आधीच्या व नंतरच्या सगळ्या खुणा मिळून एकच उच्चार होतो, हे मुलाला उमगायला वेळ लागतो.

शब्दाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडते. ‘नाशिक’मधला ‘क’ पूर्ण लिहिलेला असतो, पण त्यातला ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘इगतपुरी’त हेच शब्दाच्या मध्ये होते. ‘त’ लिहिलेला पूर्ण, उच्चार मात्र ‘इ-गत्-पुरी’ असा. सुटी अक्षरे ‘इ, ग, त, पु, री’ अशी एकेक म्हणून जोडणाऱ्या मुलाच्या तोंडून जो शब्द बाहेर पडतो, तो त्याने कधी ऐकलेला नसतो. गावाचे नाव माहीत असेल, तर ते क्षणात दुरुस्त करते. माहीत नसेल, तर अक्षरे बरोबर असूनही शब्द हाती लागत नाही. म्हणून सुरुवातीचे शब्द मुलाच्या बोलण्यातले असावे लागतात. ‘इगतपुरी’त स्वराचे दुसरे रूपही भेटते. शब्दाच्या आरंभी व्यंजन नसल्याने ‘इ’ पूर्ण अक्षर म्हणून येते. हे अक्षर आणि वेलांटी एकाच ध्वनीची दोन रूपे आहेत, हे सांगावे लागते, कारण दोन्हींत दिसण्याचे साम्य नाही.

‘त्र्यंबक’ हा शब्द त्याहून पुढचा. त्यात ‘त्’, ‘र्’ आणि ‘य’ एकत्र आले आहेत, ‘र’चे नेहमीचे रूप दिसतच नाही, आणि अनुस्वाराचा उच्चार पुढच्या ‘ब’मुळे ‘म्’ होतो. ‘चांदवड’मध्ये त्याच टिंबाचा उच्चार ‘न्’ होतो. जोडाक्षरे सर्वांत शेवटी येतात, ती याच कारणाने.

शाळेत पारंपरिक वाट बाराखडीची आहे. ‘क’ला काना ‘का’, पहिली वेलांटी ‘कि’, अशी ओळ सुरात म्हटली जाते. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांचा समावेश केल्यावर ती चौदाखडी झाली. या पाठांतराने क्रम पक्का होतो, पण वाचन येतेच असे नाही. ‘कु’ दाखवल्यावर मूल मनात ‘क, का, कि, की’ म्हणत तिथपर्यंत पोचत असेल, तर त्याने खूण ओळखलेली नाही, फक्त ओळीतले स्थान मोजले आहे. हे ओळखायची सोपी रीत अशी: अक्षरे क्रम मोडून दाखवावीत, आणि ‘मुपा’, ‘टिनो’ असे निरर्थक शब्द वाचायला द्यावेत. ते जमले तर खुणा समजल्या आहेत. नाही जमले तर मूल आठवणीतून बोलते आहे.

दुसरी रीत थोडी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे एकत्र शिकवण्याची आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अशा गटांनी शिकवण्यावर भर दिला. ‘क, म, न, र, त’ आणि काना एवढ्यावर ‘नाक’, ‘काम’, ‘मान’, ‘कान’, ‘तारा’ हे शब्द वाचता येतात. मग दुसरी वेलांटी आली की ‘काकी’, ‘माती’, ‘रानी’ जमतात. उजवीकडच्या खुणा आधी आणि डावीकडची पहिली वेलांटी नंतर घेतली, तर ‘नाशिक’पाशी होणारी अडचण एकटी हाताळता येते.

एकूण काळही जास्त लागतो. इंग्रजीची 26 अक्षरे मूल पहिल्या वर्षात ओळखू लागते. इथे 34 व्यंजनांची बाराखडीच चारशेवर अक्षरे देते, जोडाक्षरे वेगळी. सोनाली नाग यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासात असे आढळले, की अक्षरांची ओळख चौथीपर्यंत वाढतच असते, आणि अक्षरातले सुटे ध्वनी वेगळे करण्याची जाण हळूहळू येते. कन्नड ही याच कुळातली लिपी आहे. त्यामुळे दुसरीतले मूल जोडाक्षरांपाशी अडखळले, तर ते मागे पडले असे लगेच ठरवता येत नाही. काना आणि वेलांटी मात्र दुसरीच्या अखेरीसही गळत असतील, तर लक्ष द्यायला हवे.

चूक आणि घरची बोली यांतही फरक करावा लागतो. बागलाण, मालेगाव भागातल्या अहिराणीत मराठी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. तिथले मूल ‘काळा’ पाहून ‘काया’ म्हणाले, तर त्याने अक्षर चुकीचे ओळखले असे नाही. त्याने ते ओळखले आणि आपल्या बोलीत म्हटले. ‘ळ’ आणि ‘य’ यांपैकी ‘ळ’ कोणता, एवढे विचारले तरी ते कळते. त्याला ‘ळ’चा उच्चार शिकवायचा आहे, अक्षर पुन्हा पहिल्यापासून नाही. मुलाने नेमके काय चुकवले, गृहीत ‘अ’, खुणेची जागा की बोलीतला उच्चार, हे पाहून शिकवले, तरच मदत योग्य जागी पोचते.