किटलीची खाच



गेल्या चतुर्थीची गोष्ट. पेडण्याला आमच्या शेजारच्या घरी इंग्लंडमधील स्विंडनहून पाहुणे आले होते. येताना त्यांनी आपल्या वापरातली एक जुनी विजेची किटली आणली. किटली उत्तम, पण तिच्या वायरीचा प्लग तीन चपट्या पिनांचा. तो आपल्या गोल भोकांच्या सॉकेटात जाणार कसा? घरधनी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या कॉम्प्युटरची एखादी जादा वायर असली तर द्या. तोंड अगदी तसेच दिसते." मी डिचोलीला शाळेत असतो आणि जुन्या वायरी जपून ठेवण्याची मला खोड आहे. मी ती दिली. पुढे जे झाले त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

वायरीला दोन टोके असतात. भिंतीकडचे टोक देशोदेशी बदलते. उपकरणाच्या पाठीत शिरणारे तोंड मात्र बहुतेक जगात ठरावीक घाटांचेच असते. 'आयईसी ६०३२०' या नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने हे घाट ठरवून दिले आहेत. म्हणूनच परदेशातून आलेल्या वस्तूची नुसती वायर बदलली की ती पुष्कळदा आपल्याकडे चालू लागते. परंतु हे घाट केवळ सोयीसाठी काढलेले नाहीत. अर्थिंग हवे की नको, प्रवाह किती वाहू द्यायचा आणि तोंडाशी उष्णता किती सोसायची, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या घाटातच घडवलेली असतात.

सर्वांत लहान आणि परिचित तोंड म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे, दोन भोकांचे. आपल्या देवनागरी ८ शी त्याचे काहीही साम्य नाही, हे मुलांना सांगावे लागते! रेडिओ, टेपरेकॉर्डर, लहान प्रिंटर आणि काही दूरदर्शन संच यांना ते लागते. त्याला तिसरे भोक नाही, कारण या उपकरणांना दुहेरी विद्युतरोधक आवरण असते आणि अर्थिंगची गरज नसते. अशा वस्तूच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण सापडेल. या तोंडाची मर्यादा अडीच अँपिअर, म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर पावणेसहाशे वॅटच्या आसपास. लॅपटॉपच्या अडॅप्टरला बेलाच्या त्रिदळासारखे तोंड लागते. त्याचीही मर्यादा अडीच अँपिअरच, पण तिथे अर्थिंगचे तिसरे भोक आहे.

आता माझ्या वायरीकडे वळतो. कॉम्प्युटर, त्याचा पडदा, प्रोजेक्टर, मोठे प्रिंटर या सर्वांना जे तीन भोकांचे रुंद तोंड लागते, त्याची मर्यादा १० अँपिअर. इंग्रजी बोलणारे लोक त्यालाच सरसकट 'किटलीची वायर' म्हणतात, आणि तेच चुकते. खऱ्या किटलीच्या वायरीचे तोंड दिसायला हुबेहूब तसेच, मर्यादाही १० अँपिअरचीच. पण अर्थिंगच्या भोकासमोरच्या बाजूला त्याला एक लहानशी खाच असते. किटलीच्या खोबणीत त्या जागी तेवढाच उंचवटा असतो. त्यामुळे किटलीची वायर कॉम्प्युटरला बसते, परंतु कॉम्प्युटरची वायर किटलीला बसत नाही. ही आडकाठी मुद्दाम ठेवलेली आहे. कॉम्प्युटरच्या तोंडाने पिनांपाशी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच उष्णता सोसावी, असा नियम आहे. किटलीच्या तोंडाने १२० अंशांपर्यंत. उकळत्या पाण्याच्या भांड्याला चिकटून राहायचे तर हा फरक लागतोच.

आमच्या शेजाऱ्यांनी वायर लावून पाहिली, ती बसेना. त्यांनी सुरी घेतली आणि तोंडाला नेटकी खाच पाडली! वायर बसली, पाणी उकळले, सर्वांनी चहा घेतला. मलाही बोलावले होते. तेव्हा मी ती खाच पाहिली नाही, चहाच पाहिला.

तीनएक आठवड्यांनी ते पुन्हा आले. किटली मधेच बंद पडे आणि वायर हलवली की चालू होई. शिवाय जळक्या प्लॅस्टिकचा वास येई. मी वायर हातात घेतली. तोंड किंचित वाकले होते, एका भोकाभोवती तपकिरी कडे उमटले होते आणि आत डोकावल्यावर पितळेची पट्टी काळवंडलेली दिसली. भिंतीकडचा प्लगही कोमट नव्हे, चांगला गरम होता.

हिशेब करून पाहू. किटली २,००० वॅटची. त्याला २३० ने भागले की ८.७ अँपिअर येतात. माझ्या वायरीचा प्लग होता ६ अँपिअरचा, म्हणजे पहिली चूक तिथेच झाली होती. दुसरी चूक तोंडाची. उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडले, आतल्या पट्टीची पकड सैल झाली. सैल सांध्यात एक दशांश ओहम इतका क्षुल्लक रोध आला, असे धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेसात वॅट. एका लहान एलईडी दिव्याला पुरेल इतकी वीज शेंगदाण्याएवढ्या जागेत उष्णता होऊन बसते. त्या उष्णतेने पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. किनाऱ्यालगतच्या आमच्या खाऱ्या दमट हवेत पितळेवर हिरवा थर चढतो. त्याने तर ते अधिकच वेगाने फिरते.

मग उपाय काय? मूळ इंग्रजी वायर त्यांच्या माळ्यावर होतीच. खाचेचे योग्य तोंड, पुरेशी जाड तार, सर्व काही ठीक. अडचण फक्त प्लगची. वायरमनकडून तो कापवून आपला १६ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा प्लग बसवला. युरोपी वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. आपल्या जुन्या वायरीत तांबडी, काळी आणि हिरवी असत. ही जुळणी वायरमनला आधी विचारून घ्यावी. इंग्रजी प्लगाच्या पोटात एक फ्यूज असतो, तो या बदलात जातो. म्हणून त्या सॉकेटाच्या मागे बोर्डावर १६ अँपिअरचा एमसीबी आहे ना, एवढे पाहून घेतले.

पोर्तुगालहून येणाऱ्या वस्तूंची तऱ्हा याहून फसवी. तिकडच्या प्लगाच्या दोन गोल पिना आपल्या पिनांपेक्षा किंचित बारीक, अंतर मात्र जवळजवळ तेच. त्यामुळे तो आपल्या पुष्कळ सॉकेटांत जोर लावला की शिरतो आणि व्होल्टेजही जुळते. वस्तू निमूटपणे चालू होते. पण त्या प्लगाचे अर्थिंग कडेच्या पट्ट्यांत असते, आणि आपल्या सॉकेटात त्या पट्ट्या नाहीत. इस्त्री किंवा ओव्हन यांसारखी धातूच्या अंगाची वस्तू अशी वर्षानुवर्षे अर्थिंगविना चालते. आतली तार अंगाला टेकेपर्यंत कोणाला कळतही नाही. आठाच्या आकड्याच्या रेडिओला याची बाधा नाही, कारण त्याला अर्थिंग मुळातच नको असते. त्याची वायर मात्र दुकानातून आपल्या प्लगाची घ्यावी. सैल पिना ठिणग्या टाकतात.

किटली आता रोज चालते. पाणी उकळल्यावर, बटण बंद करून, मी तिच्या प्लगाला हात लावून पाहिला. तो कोमटच होता. सुरीने खाच पाडलेली वायर शेजाऱ्यांनी मला प्रामाणिकपणे परत आणून दिली. "कॉम्प्युटरला तरी चालेल, सर," असे ते म्हणाले. मी त्यांच्यासमोरच ती मधोमध कापून दोन तुकडे केले. ती पुन्हा माझ्या पेटीत पडली असती, तर मीच ती पुढच्या वर्षी कोणाला तरी दिली असती.