बाहुलीचा हात हलवताना

पासबुक समजावणारी बाहुली आम्ही सिनफिग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केली. आज तिचा हात कसा हलवायचा ते सांगतो.

हात अंगापासून वेगळा काढायचा. खांद्याकडचं टोक गोल ठेवून थोडं ब्लाउजखाली सरकवायचं, नाहीतर हात उचलताच फट दिसते.

हाताचा वेगळा ग्रुप करून त्यात सगळ्यात वर Rotate लेयर ठेवायचा. त्याचं Origin म्हणजे जणू कागदी बाहुलीची टाचणी, ती नेमकी खांद्यावर हवी. हात अंगापासून सुटून भलतीकडे गेला, तर टाचणी चुकली समजा.

मग अ‍ॅनिमेशन मोड चालू करून अर्ध्या सेकंदावर जायचं आणि Amount ४० अंश करायचं. मधली हालचाल सिनफिग स्वतःच भरतं.